राइनच्या पाण्यावरील आठ लेख: ग्रेडेड रीडर सोडून खरे जर्मन लेख वाचतानाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

गेल्या वर्षी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनची बी-१ पातळीची परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि त्याआधीच्या दोन वर्षांत शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सोप्या केलेल्या चौदा पुस्तिका, म्हणजे ग्रेडेड रीडर, वाचून संपवल्या. शेवटच्या तीन-चार पुस्तिका इतक्या सहज वाचून झाल्या, की आता खरे वृत्तलेख वाचता येतील असे मला वाटू लागले होते. काल मी एका जर्मन वृत्तसंकेतस्थळावरील, साधारण ४०० शब्दांचा लेख छापून घेतला आणि तो पुस्तिकेसारखा वाचायला बसले. अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहिला. असे ४६ शब्द निघाले, दोन तास दहा मिनिटे लागली, आणि शेवटी त्या लेखात काय लिहिले आहे हे सलगपणे सांगता आले नाही. शब्द कळले होते, पण प्रत्येक शब्दापाशी थांबल्यामुळे वाक्याचा आरंभ मनातून निघून जात होता.

आकडे मांडल्यावर कारण स्पष्ट झाले. ४०० पैकी ४६ शब्द अनोळखी म्हणजे सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी टक्के शब्द ओळखीचे, अर्थात दर नऊ शब्दांमागे एक अडथळा. याउलट माझ्या शेवटच्या पुस्तिकेतील दोनशे शब्दांचा उतारा मोजला, तर त्यात अनोळखी शब्द केवळ तीन निघाले. हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी वाचनाच्या अभ्यासात असे दिसले होते, की ८० टक्के शब्द ओळखीचे असताना कोणालाच कथा नीट समजली नाही, आणि मदतीशिवाय बहुतेकांना समजण्यासाठी साधारण ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. पुस्तिका लिहिणारे ती ९८ टक्क्यांची सोय आपल्यासाठी आधीच करून ठेवतात, तर खऱ्या लेखाचा लेखक जर्मन वाचकासाठी लिहीत असतो. मधली दहा टक्क्यांची दरी शब्द पाठ करून भरायची म्हटली, तर त्यात काही वर्षे जातील.

८ जानेवारी

दरी सगळीकडे सारखी नसते, या विचारावर हा प्रकल्प उभा आहे. स्टीव्हन क्रॅशन यांनी एकाच विषयावरचे किंवा एकाच लेखकाचे बरेच लेखन सलग वाचण्याचा आग्रह धरला आहे. एकाच विषयात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि विषयाची आधीची माहिती अर्थाच्या मदतीला येते, हे त्यामागचे कारण आहे. माझी सारी नोकरी जलसंपदा विभागात, कृष्णेच्या काठावर गेली. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी किती फूट झाली, हे आमच्या सांगलीत घरोघरी विचारले जाते आणि आम्हाला तर ते रात्री-अपरात्रीही सांगावे लागे. म्हणून मी राइन नदीतील कमी पाणी हा विषय निवडला. २०१८ आणि २०२२ या दोन वर्षी राइनचे पाणी इतके उतरले होते, की मालवाहू जहाजे अर्धी रिकामी चालवावी लागली. त्यावर जर्मन वृत्तपत्रांत पुष्कळ लिहिले गेले आणि ते लेख अजूनही वाचायला मिळतात.

आठ लेख वाचायचे, प्रत्येक लेख साधारण ४०० शब्दांचा घ्यायचा. पहिले वाचन शब्दकोशाशिवाय आणि न थांबता करायचे, अनोळखी शब्दाखाली फक्त पेन्सिलीने रेघ ओढायची. दुसऱ्या वाचनानंतर, शब्दकोश उघडण्यापूर्वीच, लेखाचा सारांश चार ओळींत मराठीत लिहून ठेवायचा. त्यानंतर जास्तीत जास्त पाच शब्द पाहायचे. कोणते पाच, हे ठरवण्याचा निकष असा: जो शब्द मथळ्यात आहे किंवा लेखात तीनदा आला आहे तो, आणि ज्याच्यावाचून सारांशातली एखादी ओळ लिहिताच आली नाही तो. विशेषणे आणि क्रियाविशेषणे, कितीही खुणावली, तरी सोडून द्यायची.

माझा सारांश बरोबर आहे की मनाने रचलेला आहे, हे मला एकटीला कळणार नाही. माझी भाची पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकते आणि माझ्यापेक्षा दोन पातळ्या पुढे आहे. तिला लेख आणि सारांश दोन्ही पाठवायचे, तिने पूर्ण लेख वाचून चुका दाखवायच्या, असे ठरले. मोजणीचा नियमही लिहून ठेवते: विशेषनामे आणि आकडे ओळखीचे धरायचे, आणि तोच अनोळखी शब्द पाचदा आला तर तो पाचदा मोजायचा.

१२ जानेवारी

पहिला लेख. रेघा ओढलेले शब्द ४३. पण दुसऱ्या वाचनात यांपैकी बारा-तेरा शब्द अनोळखी नाहीतच, असे लक्षात आले. ते लांबलचक सामासिक शब्द होते. ‘नीड्रिशवासर’ म्हणजे ‘नीड्रिश’ (कमी, खालचे) आणि ‘वासर’ (पाणी). ‘बिनेनशिफफार्ट’ म्हणजे आतला, जहाज आणि प्रवास, अर्थात देशांतर्गत जलवाहतूक. तिन्ही तुकडे मला परीक्षेपूर्वीपासून माहीत होते, आणि तरीही मी शब्दाची लांबी पाहून रेघ ओढली होती.

याचे एक कारण मला मधल्या पायरीत सापडले. खऱ्या लेखांआधी मी काही महिने ‘डॉइचलांडफुंक’ या नभोवाणीच्या सोप्या भाषेतील साप्ताहिक बातम्या वाचत होते. तिथे लांब शब्द जोडरेषेने तोडून छापतात, त्यामुळे तुकडे डोळ्यांना आयते मिळतात. खऱ्या लेखात ती जोडरेषा नाहीशी होते. आता मी ती पेन्सिलीने स्वतः ओढते, आणि शब्द उजवीकडून वाचते, कारण जर्मन समासात मुख्य पद शेवटी असते. आपल्याकडच्या तत्पुरुष समासातही तेच आहे: ‘नदीकाठ’ हा काठ असतो, नदी नव्हे. मराठी वाचकाला हे नव्याने शिकावे लागत नाही, फक्त आठवावे लागते.

एक लहानशी गोष्ट इथेच टिपून ठेवते. शब्दानंतर लोंबती जोडरेषा आणि मग ‘उंड’ (आणि) दिसले, तर पहिल्या शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दाकडून उसने घ्यायचे असते. आपणही ‘जल- व वायुप्रदूषण’ असे लिहितोच.

१९ जानेवारी

दुसरा लेख. समास फोडण्याच्या युक्तीवर विसंबल्यामुळे झालेली चूक भाचीने दाखवली. लेखात ‘बेर्गफार्ट’ आणि ‘टालफार्ट’ हे शब्द होते. ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर, ‘टाल’ म्हणजे दरी, ‘फार्ट’ म्हणजे प्रवास. मी सारांशात लिहिले होते, की डोंगराळ भागात जाणारी जहाजे कमी माल घेत आहेत. प्रत्यक्षात नदीवरच्या भाषेत ‘बेर्गफार्ट’ म्हणजे प्रवाहाविरुद्धचा, वरच्या अंगाला जाणारा प्रवास, आणि ‘टालफार्ट’ म्हणजे प्रवाहाबरोबर खाली जाणारा. व्याकरणात आपण ज्याला योगरूढ शब्द म्हणतो, त्यातला हा प्रकार आहे. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले काहीही नव्हे, तसेच हे.

मग तुकडे ओळखीचे असूनही अर्थ वेगळा आहे, हे शब्दकोश न उघडता कळावे कसे? या लेखात एक खूण होती, आणि ती माझ्या नजरेतून सुटली. दोन्ही शब्द एकाच वाक्यात एकमेकांसमोर जोडीने आले होते. असे जोडीने येणारे शब्द बहुधा त्या व्यवसायातील ठरलेल्या संज्ञा असतात. आता अशी जोडी दिसली, की पाचांपैकी एक जागा तिच्यासाठी राखून ठेवायची.

२६ जानेवारी

चूक दुसऱ्या प्रकारची असेल, तर ती किती काळ टिकते, हे आज कळले. ‘पेगल’ हा शब्द पहिल्या लेखापासून येत होता. ‘काउबचा पेगल ४० सेंटिमीटरच्या खाली’ अशा धाटणीची वाक्ये होती. काउब हे बिंगेन आणि कोब्लेन्झ यांच्यामधील लहान गाव असून तिथला नदीचा भाग उथळ आणि अरुंद असल्यामुळे मधल्या राइनवरची सारी जहाज वाहतूक त्या एका ठिकाणाच्या पाण्यावर अवलंबून असते. ‘पेगल’ म्हणजे पाण्याची खोली, असा अर्थ मी संदर्भाने लावला. तो वाक्यात इतका चपखल बसला, की तीनदा येऊनही शब्द पाहण्याची गरज मला वाटली नाही.

तिसऱ्या लेखात मात्र असे वाक्य आले, की पेगल ४० सेंटिमीटर असताना जहाजांच्या मार्गात सुमारे दीड मीटर पाणी असते. माझ्या अर्थाने हे वाक्य स्वतःशीच विसंगत होते. शिवाय हजारो टन माल वाहणारे जहाज ४० सेंटिमीटर पाण्यात तरंगणारच नाही, हे माझ्यासारखीला पहिल्याच लेखात खटकायला हवे होते. शब्दकोश पाहिला. ‘पेगल’ म्हणजे पातळीमापक आणि त्यावर वाचलेली पातळी. त्या मापकाचे शून्य नदीच्या तळाशी नसते, एका ठरवून दिलेल्या संदर्भपातळीवर असते. काउबला पेगल साधारण ७८ सेंटिमीटर असताना जहाजमार्गात सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटर पाणी मिळते, म्हणजे दोहोंत साधारण १ मीटर १२ सेंटिमीटरचा फरक आहे. ४० सेंटिमीटरला दीड मीटर हा आकडा त्यात अचूक बसतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउबला पेगल २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला होता, आणि तरीही नदी कोरडी का पडली नव्हती, हेही आता समजले.

संदर्भाने लावलेला अर्थ चुकीचा असला, तरी तो वाक्यात बसतोच, म्हणून तर आपण तो लावलेला असतो. वाक्यात बसणे ही त्याची परीक्षा होऊ शकत नाही. खरी परीक्षा आकड्यांशी, आणि त्या विषयाबद्दल आपल्याला आधीपासून जे ठाऊक आहे त्याच्याशी, पडताळून होते. निकषात एक बदल केला: ज्या शब्दाला आकडा जोडलेला आहे, तो शब्द अर्थ कळला असे वाटत असले तरी एकदा पाहायचाच.

२ फेब्रुवारी

चौथा लेख. आज मी सारांशात जे लिहिले, त्याच्या नेमके उलट लेखात होते. त्या वाक्याचा घाट दाखवण्यासाठी तसेच एक वाक्य रचून लिहिते: ‘मेरेरे रेडेरायेन श्टेल्टेन डेन फेरकेअर आउफ डेम आपश्निट त्स्विशेन बिंगेन उंड कोब्लेन्झ वेगेन डेअर गेरिंगेन वासरटीफे फोरएर्स्ट आइन.’ मी ‘श्टेल्टेन’ हे क्रियापद पाहिले. ‘श्टेलेन’ म्हणजे उभे करणे, ठेवणे. त्यावरून लिहिले, की जहाज कंपन्यांनी बिंगेन ते कोब्लेन्झ वाहतूक उभी केली, सुरू केली. पण वाक्याच्या अगदी टोकाला जो ‘आइन’ उभा आहे, तो ‘एक’ या अर्थाचा शब्द नसून त्याच क्रियापदाचा सुटलेला उपसर्ग आहे. ‘आइनश्टेलेन’ म्हणजे बंद करणे. कंपन्यांनी वाहतूक तूर्त थांबवली होती.

उपसर्गाने धातूचा अर्थ पार बदलतो, हे आपल्याला प्रहार, आहार, संहार, विहार या शब्दांमुळे शाळेपासून ठाऊक आहे. जर्मनमध्ये तो उपसर्ग धातूपासून सुटून वाक्याच्या शेवटी जातो, एवढेच निराळे. माझ्या पुस्तिकांतही अशी क्रियापदे भरपूर होती, पण तिथली वाक्ये सात-आठ शब्दांची असल्यामुळे उपसर्ग नजरेच्या टप्प्यात राहत असे. वरच्या वाक्यात क्रियापद आणि उपसर्ग यांच्यामध्ये चौदा शब्द आहेत. म्हणून अशा जागी सगळे शब्द कोशात पाहिले तरी अर्थ चुकतो, कारण कोशात पाहिलेला शब्दच अपुरा असतो.

आता लांब वाक्य आले, की मी आधी त्याचा शेवट पाहते. पूर्णविरामाआधी किंवा स्वल्पविरामाआधी ‘आइन’, ‘आप’, ‘आउस’, ‘फोर’ असा एखादा लहान शब्द एकटाच उभा असेल, तर तो मागे नेऊन क्रियापदाला जोडायचा आणि मगच वाक्य पहिल्यापासून वाचायचे. आजच्या लेखात अशी सहा वाक्ये होती. त्यांपैकी चारांत एकही शब्द न पाहता अर्थ लागला.

१२ फेब्रुवारी

पाचवा लेख मी दोनदा वाचला. एका वाक्यातले जवळजवळ सगळे शब्द ओळखीचे होते, तरीही वाक्य कळले नाही. याचा अर्थ अडचण शब्दांची नव्हतीच, आणि ती मी कित्येक आठवडे शब्दांच्या खात्यावर लिहीत आले होते. त्या घाटाचा तुकडा असा: ‘डी वेगेन डेअर आनहाल्टेंडेन ट्रोकेनहाइट नूअर नोख त्सूअर हेल्फ्टे बेलाडेनेन शिफे’. आरंभीचे ‘डी’ हे उपपद आहे आणि ते ज्या नामाचे आहे ते ‘शिफे’, म्हणजे जहाजे, मध्ये नऊ शब्द टाकून शेवटी येते. मी ‘डी’ वाचून लगेच नाम शोधत होते. पुढे ‘ट्रोकेनहाइट’, म्हणजे कोरडे हवामान, हे नाम भेटले, ते मी ‘डी’ला जोडले, आणि वाक्य तिथेच कोसळले.

वर्गात आमच्या बाईंनी ही रचना शिकवताना ती संबंधी वाक्यात फोडून दाखवली होती: ‘जी जहाजे कोरड्या हवामानामुळे अर्धीच भरलेली आहेत, ती’. इंग्रजीच्या वाटेने जर्मन शिकणाऱ्याला असे फोडावेच लागते, कारण इंग्रजीत नामाआधी इतका मजकूर बसत नाही. आज मात्र सहज म्हणून मी तो तुकडा जर्मन क्रम न मोडता, शब्दामागून शब्द ठेवत मराठीत मांडला: ‘सततच्या कोरड्या हवामानामुळे आता केवळ निम्मीच भरलेली जहाजे’. ‘वेगेन’चे ‘-मुळे’ तेवढे नामानंतर गेले, बाकी काहीही हलवावे लागले नाही. आपल्या मराठीत ‘काल गावाहून आलेली पाहुणी’, ‘गेल्या वर्षी मंजूर झालेली योजना’ असे आपण दिवसभर बोलतो. नामाआधी कृदंत आणि कृदंताआधी त्याचा सारा परिवार, ही आपल्या भाषेची रोजची चाल आहे. इतकी वर्षे मी जर्मन वाक्य मनातल्या मनात आधी इंग्रजीत आणि मग मराठीत नेत होते, आणि जी वाट सरळ होती, ती मधल्या इंग्रजीमुळेच वाकडी झाली होती. हे आज कळले याचा मला फार आनंद झाला.

ही रचना ओळखण्याची खूणही सापडली. उपपदाच्या लगेच पुढे नाम किंवा साधे विशेषण न येता ‘वेगेन’, ‘इम’, ‘फोन’, ‘आउस’ असा संबंध दाखवणारा शब्द आला, तर समजावे की उपपदाचे नाम दूर आहे. मी अशा उपपदाभोवती गोल करते, नाम सापडेपर्यंत पुढे जाते, त्यालाही गोल करते, आणि मधला सारा मजकूर ‘-लेला, -लेली, -लेले’ किंवा ‘-णारा, -णारी’ लावून मराठी क्रमाने वाचते. माझ्या बी-१ पातळीच्या पुस्तिकांत ही रचना मला कुठेच भेटली नव्हती. या लेखात ती पाच ठिकाणी आहे.

२० फेब्रुवारी

सहावा लेख. आजची चूक भाचीने फोनवर सांगितली. “मावशी, तू लिहिलंयस की परिस्थिती गंभीर आहे आणि पुरवठा सुरक्षित आहे. पण हे लेखक म्हणतच नाहीये. हे त्या खात्याचा प्रवक्ता म्हणतोय.”

मी म्हटले, “प्रवक्ता तर पहिल्याच वाक्यात येऊन गेला. पुढच्या तीन वाक्यांत त्याचं नावही नाही.”

“नाव नाही, पण ‘झाय’ आहे ना. ‘इस्ट’ असतं तर लेखकाचं म्हणणं असतं.”

‘झाय’ हा शब्द मी अनोळखी म्हणून रेघ ओढून सोडून दिला होता. तो ‘असणे’ या क्रियापदाचेच रूप आहे. जर्मन पत्रकार दुसऱ्याचे म्हणणे सांगताना क्रियापदाचे वेगळे रूप वापरतात: ‘इस्ट’च्या जागी ‘झाय’, ‘हाट’च्या जागी ‘हाबे’, ‘कान’च्या जागी ‘क्योने’. एकदा कोणाचे नाव सांगून झाले, की पुढची तीन-चार वाक्ये ‘तो म्हणाला’ असे एकदाही न लिहिता केवळ या रूपावर चालतात. पुस्तिकांमध्ये संवाद अवतरणचिन्हांत असतात, त्यामुळे तिथे या रूपाची फारशी गरजच पडत नाही. वृत्तलेखात मात्र ते सुटले, तर प्रवक्त्याचा दावा आपल्या सारांशात वस्तुस्थिती होऊन बसतो.

मी मनात त्याला ‘म्हणे’ हा प्रतिशब्द दिला: ‘परिस्थिती गंभीर आहे म्हणे’. वाचताना तो फार उपयोगी पडतो. पण बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी एक सावधगिरी सांगितली, ती महत्त्वाची आहे. आपल्या ‘म्हणे’मध्ये बोलणाऱ्याचा अविश्वास पुष्कळदा डोकावतो. जर्मन रूपात तो नसतो, तिथे लेखक फक्त अंतर राखून दुसऱ्याचे बोलणे पोचवतो. म्हणून वाचताना ‘म्हणे’ आणि सारांशात ‘प्रवक्त्याच्या सांगण्यानुसार’ असे मी ठरवले.

शब्दकोशाच्या बाबतीतही यातून काही निघते. ‘झाय’ कोशात पाहिला असता, तर ‘असणे’ एवढेच मिळाले असते, आणि वाक्य कोणाचे आहे हा प्रश्न तसाच राहिला असता. असे शब्द आकाराने लहान, वारंवार येणारे आणि व्याकरणाच्या पुस्तकात शोधण्याजोगे असतात. वहीत त्यांच्यासाठी वेगळे पान केले आहे. त्यावर आजवर नऊच नोंदी आहेत.

१ मार्च

सातवा लेख अवघ्या वीस मिनिटांत झाला आणि अनोळखी शब्द अकराच निघाले. मला शंका आली, म्हणून जुने लेख काढून शेजारी ठेवले. सातव्या लेखातील तीन परिच्छेद चौथ्या लेखात जवळजवळ शब्दशः होते. दोन्ही लेखांत ‘डीपीए’ ही जर्मन वृत्तसंस्थेची खूण होती. निरनिराळी वृत्तपत्रे एकाच संस्थेची बातमी थोडी कापून किंवा वाढवून छापतात, हे मी लेख निवडताना ध्यानात घेतले नव्हते. एकाच विषयावर वाचायचे म्हणजे तोच मजकूर दोनदा वाचायचा नव्हे. हा लेख मोजणीतून काढला आणि त्या जागी कोब्लेन्झच्या जलविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञाची मुलाखत घेतली. त्या संस्थेच्या नावातले ‘गेवेसरकुंडे’, म्हणजे जलाशयांची विद्या, हे मी न थांबता वाचले.

मुलाखतीत अनोळखी शब्द २४ होते. ही संख्या मला अधिक विश्वासार्ह वाटते.

९ मार्च

आठवा लेख. ४१० शब्दांत अनोळखी १७, म्हणजे सुमारे ९६ टक्के शब्द ओळखीचे. वाचन, सारांश आणि पाच शब्द मिळून पस्तीस मिनिटे लागली. सारांशात भाचीने एकच दुरुस्ती केली. ‘आक्टुएल’ या शब्दाचा अर्थ मी इंग्रजीच्या सवयीने ‘प्रत्यक्षात’ असा घेतला होता, तो ‘सध्या’ असा आहे. इंग्रजीसारखा दिसणारा शब्द अनोळखी वाटतच नाही, त्यामुळे त्याच्याखाली रेघही पडत नाही. अशा शब्दांवर माझ्या पद्धतीत अजून उपाय नाही, भाचीची नजर हाच उपाय आहे.

आठ लेखांत मी एकूण ३८ शब्द शब्दकोशात पाहिले. यांपैकी ३१ आज न पाहता आठवले, कारण ते पुढच्या लेखांत पुन्हा भेटत गेले. ४ जानेवारीला एका बैठकीत पाहिलेल्या ४६ शब्दांची यादीही तपासली. त्यांतले सात आठवतात, आणि ते सातही राइनच्या लेखांत आलेले आहेत.

१६ मार्च

शेवटची चाचणी मुद्दाम विषय बदलून घेतली. बर्लिनमधील घरभाड्यांवरचा ३८० शब्दांचा लेख निवडला. अनोळखी शब्द ३८ निघाले, म्हणजे ओळखीचे शब्द ९० टक्के. दोन महिन्यांपूर्वीच्या साडेअठ्ठ्याऐंशीपेक्षा फारसे पुढे गेले आहे, असे म्हणता येणार नाही. राइनवर मिळवलेली शब्दसंपत्ती बहुतांशी राइनवरच राहिली. टीफगांग म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडते ते माप, हे घरभाड्याच्या लेखात कशाला लागणार?

तरीही हा लेख मला जानेवारीतल्या लेखासारखा गेला नाही. पन्नास मिनिटे लागली, पाचच शब्द पाहिले, आणि सारांशाच्या चार ओळींपैकी तीन बरोबर होत्या. दूर गेलेला उपसर्ग दोन ठिकाणी, नामाआधीचा लांब कृदंत तीन ठिकाणी आणि भाडेकरू संघटनेच्या तोंडचे ‘झाय’ एका पूर्ण परिच्छेदात, हे सगळे पहिल्या वाचनातच दिसले. चौथी ओळ चुकली ती ‘मीटश्पीगल’ या शब्दामुळे. ‘मीटे’ म्हणजे भाडे आणि ‘श्पीगल’ म्हणजे आरसा, असे फोडून मी पुढे गेले. तो त्या शहरातील प्रचलित भाड्यांचा तक्ता असतो, आणि न्यायालयीन वादांतही त्याचा आधार घेतात. मथळ्यात असलेला शब्द पाहायचा, हा माझाच निकष मी इथे पाळला नव्हता.

पुढचे आठ लेख घरभाड्यावरच घेते. ‘मीटश्पीगल’ वहीच्या नव्या पानावर पहिला शब्द म्हणून, त्याच्या वाक्यासह लिहून ठेवला आहे. लेख निवडताना या वेळी ‘डीपीए’ची खूण आधी पाहायची आहे.